रेषा सरळ की वाकडी? रीसेट चाचणी, वर्गपद आणि लॉग यांतली निवड

कसाल तिठ्यावरून एक वाट मालवणला जाते, हमरस्ता कुडाळ-कणकवलीला जोडतो आणि जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे आसपासच्या महाविद्यालयांतले एम.ए., एम.कॉम. आणि कृषी शाखेचे विद्यार्थी प्रकल्पाचे कागद घेऊन इथे सहज येतात. विषय बहुधा काजू, आंबा, नारळ नाहीतर मासळी. प्रश्न मात्र ठरलेला असतो: ‘रिग्रेशन बसवलं, आर-वर्ग चांगला आला, पण रीसेट चाचणी नापास झाली. आता कुठलं चल घालू?’

गोंधळ या प्रश्नातच आहे. रीसेट नापास होणं म्हणजे एखादं चल राहून गेलं, असं नाही. बहुतेक वेळा तुम्ही सरळ रेषा ओढलेली असते आणि तुमची आकडेवारी वाकडी असते. हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर वर्गपद घालायचं की लॉग घ्यायचा, एवढंच इथे पाहू. उदाहरण काजूचं घेऊ, कारण झाडाचं वय आणि उत्पन्न यांचं नातं सरळ रेषेत नसतं हे बागायतदाराला सांगावं लागत नाही.

चाचणी नेमकं काय विचारते

जेम्स रॅम्झी यांनी १९६९ मध्ये ही चाचणी मांडली. ‘रिग्रेशन इक्वेशन स्पेसिफिकेशन एरर टेस्ट’ या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे रीसेट. कृती सोपी आहे:

1. तुमचं नेहमीचं रिग्रेशन चालवा आणि प्रत्येक नोंदीसाठी समीकरणाने दिलेला अंदाज बाजूला काढा.
2. त्या अंदाजाचा वर्ग काढा, हवा तर घनही काढा.
3. तेच रिग्रेशन पुन्हा चालवा, पण या वेळी हे वर्ग आणि घन जादा चलं म्हणून घाला. नुसता अंदाज घालू नका. तो आधीच्या चलांपासूनच बनलेला असल्यामुळे त्यातून नवं काही मिळत नाही.
4. जादा पदं मिळून काही उपयोगी ठरतात का, हे एफ-चाचणीने पाहा.

पी-मूल्य लहान आलं तर अर्थ एवढाच की जुन्या समीकरणाने न पकडलेला काहीतरी वाक शिल्लक आहे. कुठल्या चलात, कुठल्या दिशेने आणि का, यातलं चाचणी काहीच सांगत नाही.

एक गोष्ट सहसा वर्गात सांगितली जात नाही. समीकरणात एकच स्पष्टीकारक चल असेल, तर अंदाजाचा वर्ग घालणं आणि त्या चलाचाच वर्ग घालणं एकच आहे. अंदाज म्हणजे ‘स्थिरांक अधिक काही पट वय’. त्याचा वर्ग केला की स्थिरांक, वय आणि वयाचा वर्ग हीच तीन पदं मिळतात, त्यातली पहिली दोन आधीपासून समीकरणात असतात. म्हणजे एका चलाच्या प्रकल्पात रीसेट ही वेगळी जादू नसून वर्गपदाचीच चाचणी आहे. तिचा खरा उपयोग चलं चार-पाच असतात तेव्हा होतो: प्रत्येकाचा वर्ग आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार घालत बसण्याऐवजी दोनच पदांत काम भागतं.

काजूचं उदाहरण, आकड्यांसह

खालचे आकडे सरावासाठी मी रचलेले आहेत, कुठल्याही सर्वेक्षणातले नाहीत. निरनिराळ्या वयाची बारा कलमं आणि प्रत्येकाची एका हंगामातली काजूबी किलोत, असं समजा. हे तुम्ही ‘आर’मध्ये जसंच्या तसं चालवू शकता:

```r
library(lmtest)
vay <- seq(4, 26, by = 2)
bee <- c(1.8, 4.6, 5.1, 7.9, 7.2, 9.4,
         8.3, 10.1, 9.0, 9.9, 8.9, 10.0)
m1 <- lm(bee ~ vay)
resettest(m1, power = 2)
```

सरळ रेषेचं समीकरण येतं: उत्पन्न = ३.०८ + ०.३०७ × वय. आर-वर्ग ०.७३. अहवालात छापायला हा आकडा वाईट दिसत नाही आणि म्हणूनच पुष्कळ जण इथेच थांबतात. पण समीकरणाने दिलेला अंदाज आणि खरं उत्पन्न यांतली तफावत झाडागणिक मांडून पाहा. चार वर्षांच्या कलमाला समीकरण ४.३ किलो देतं, प्रत्यक्षात १.८ आहे. चौदा वर्षांच्या झाडाला ७.४ देतं, प्रत्यक्षात ९.४. चोवीस वर्षांच्या झाडाला १०.४ देतं, प्रत्यक्षात ८.९. म्हणजे दोन्ही टोकांना समीकरण जास्त सांगतं आणि मध्ये कमी. तफावती अशा रांगेने, आधी उणे, मग अधिक, मग पुन्हा उणे आल्या की चाचणीच्या आधीच तुम्हाला उत्तर कळलेलं असतं.

चाचणी त्यावर शिक्का मारते. वर्ग घालून एफ २०.५५ येतो, पी-मूल्य सुमारे ०.००१४. वर्ग आणि घन दोन्ही घातले तर एफ १२.७६, पी-मूल्य ०.००३. सरळ रेषा बाद.

‘माझं उत्तर मैत्रिणीच्या उत्तराशी जुळत नाही’

आकडेवारी तीच, चाचणी तीच, पण एफ वेगळा, ही तक्रार वरचेवर येते. कारण साधं असतं: प्रत्येक सॉफ्टवेअर गृहीत धरून वेगवेगळे घात घालतं.

- ‘आर’मधलं `resettest` तुम्ही काही सांगितलं नाही तर वर्ग आणि घन घालतं. वरच्या कोडमध्ये `power = 2` लिहिलं आहे ते यासाठी.
- स्टेटामधलं `estat ovtest` वर्ग, घन आणि चौथा घात अशी तीन पदं घालतं.
- ग्रेटल विचारतं: वर्ग आणि घन, फक्त वर्ग की फक्त घन.
- पायथनच्या `statsmodels` मधलं `linear_reset` सांगितलं नाही तर एफऐवजी काय-वर्गाचा आकडा देतं. एफ हवा असेल तर `use_f=True` लिहावं लागतं.

म्हणून अहवालात नुसतं ‘रीसेट केली’ असं लिहू नका. कोणते घात घातले ते लिहा. बारा-पंधरा नोंदी असतील तर चौथा घात घालूच नका. एवढ्या थोड्या नोंदींत तीन जादा पदं घातली की चाचणीचा जोर संपतो आणि खरा वाकही सुटून जातो.

स्टेटाच्या आदेशातलं `ov` हे ‘ओमिटेड व्हेरिएबल्स’चं, म्हणजे राहून गेलेल्या चलांचं लघुरूप आहे, आणि निकालातही तेच शब्द छापून येतात. लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न बऱ्याच अंशी तिथूनच जन्मतो. पण चाचणीत घातलेली पदं तुमच्याच चलांचे घात असतात. पाऊस, खत किंवा जमिनीचा पोत तुम्ही मोजलाच नसेल आणि त्याचा परिणाम सरळ असेल, तर रीसेट बिनदिक्कत पास होऊ शकते. राहून गेलेलं चल शोधायचं हे हत्यार नव्हे.

पर्याय १: वर्गपद

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वयाबरोबर वयाचा वर्गही घालणं:

```r
m2 <- lm(bee ~ vay + I(vay^2))
```

समीकरण येतं: उत्पन्न = −१.४३ + १.०६९ × वय − ०.०२५४ × वयाचा वर्ग. आर-वर्ग ०.९२. यावर घनपद घालून पाहिलं तर एफ २.२१, पी-मूल्य सुमारे ०.१८, म्हणजे आणखी वाक शिल्लक असल्याचा पुरावा नाही. विद्यार्थी इथे सुटकेचा श्वास टाकतात. मी तुम्हाला इथे आणखी दोन आकडे काढायला सांगीन.

पहिला म्हणजे शिखर. वर्गपदाच्या समीकरणात उत्पन्न कुठे तरी सर्वाधिक होऊन उतरू लागतं. ते वय काढायला वयाच्या गुणकाला वर्गाच्या गुणकाच्या दुपटीने भागा आणि चिन्ह उलट करा. इथे १.०६९ भागिले ०.०५०८, म्हणजे २१ वर्षं. तुमच्या बारा झाडांपैकी एकवीस वर्षांपलीकडची तीनच आहेत: ९.९, ८.९ आणि १०.० किलो. यात उतार कुठे दिसतो? झाडं दहाच्या आसपास स्थिरावली आहेत, एवढंच दिसतं. उतार दिसतो तो समीकरणात, कारण वर्गपदाला स्थिरावणं ठाऊकच नाही. ते चढतं आणि उतरतं.

दुसरा आकडा म्हणजे टोकापलीकडचा अंदाज. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली आणि कोकणात त्या वर्षांत काजूची मोठी लागवड झाली. ती झाडं आता पस्तिशीकडे आहेत. समजा कुणी तुम्हाला विचारलं की अशी बाग ठेवावी की तोडून नवी कलमं लावावीत, आणि तुम्ही समीकरणात ३५ घातलं. उत्तर ४.९ किलो. चाळीस घाला, ०.७ किलो. एवढ्या आकड्यावर माणूस कुऱ्हाड उचलेल, आणि तुमच्याकडे सव्वीस वर्षांपलीकडचं एकही झाड नाही.

वर्गपद वापरताना या गोष्टी सांभाळा:

- वर्ग घातला की मूळ चल काढू नका, त्याचं पी-मूल्य मोठं आलं तरी. दोन्ही पदांची एकत्रित एफ-चाचणी पाहा.
- ‘वयाचा परिणाम १.०६९’ असं लिहू नका. वर्गपद असताना परिणाम वयागणिक बदलतो: दहाव्या वर्षी एक वर्ष वाढलं की सुमारे ०.५६ किलोची भर, विसाव्या वर्षी जेमतेम ०.०५ ची.
- शिखर तुमच्या आकडेवारीच्या आत आहे का आणि त्यापलीकडे पुरेशा नोंदी आहेत का, हे नेहमी लिहा.
- ‘होय-नाही’ प्रकारच्या चलाचा, जसं पाणी दिलं १ आणि नाही दिलं ०, वर्ग करू नका. शून्याचा वर्ग शून्य, एकाचा एक; सॉफ्टवेअर ते पद गाळून टाकील आणि तुम्ही बुचकळ्यात पडाल.

वर्गपद योग्य कुठे? जिथे खरोखर अति झालं की नुकसान होतं तिथे. खताची मात्रा हे त्याचं जुनं आणि रास्त उदाहरण: एका मर्यादेपलीकडे नत्र वाढवलं की पीक घटतं, आणि प्रयोगात तशा जादा मात्रा मुद्दाम दिलेल्या असतात. उतार तिथे मोजलेला असतो.

पर्याय २: चलाचं रूप बदलणं

दुसरी वाट म्हणजे वय आहे तसं न घालता त्याचा लॉग किंवा त्याचा व्यस्त, म्हणजे एक भागिले वय, घालणं. दोन्ही समीकरणं आधी भराभर चढतात आणि मग मंदावतात. फरक असा की लॉग मंद गतीने का होईना चढतच राहतो, तर व्यस्ताचं समीकरण एका छताला टेकत जातं.

```r
m3 <- lm(bee ~ log(vay))
m4 <- lm(bee ~ I(1/vay))
resettest(m3, power = 2)
resettest(m4, power = 2)
```

लॉगचं समीकरण: उत्पन्न = −३.०२ + ४.१६ × लॉग वय. आर-वर्ग ०.८८. रीसेटचा एफ ६.०२, पी-मूल्य सुमारे ०.०४. सरळ रेषेपेक्षा खूप बरं, पण वाक पुरता पकडला गेलेला नाही. सुरुवातीची चढण लॉगला झेपते त्याहून तीव्र आहे आणि नंतरचं स्थिरावणं जास्त सपाट.

व्यस्ताचं समीकरण: उत्पन्न = ११.२७ − ३९.४६ ÷ वय. आर-वर्ग पुन्हा ०.९२, वर्गपदापेक्षा किंचित जास्तच, आणि तेही एक पद कमी वापरून. रीसेटचा एफ ०.७४, पी-मूल्य ०.४१.

आता या समीकरणाकडे बागायतदाराच्या नजरेने पाहा. उत्पन्न शून्य कधी होतं? ३९.४६ भागिले ११.२७, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास. कलमाला धरतं उत्पन्न तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होतं, हे कुणीही सांगेल. आणि छत ११.२७ किलोचं, ज्याच्या जवळ झाड पंचविशीत पोचलेलं असतं. वर्गपदाच्या समीकरणात नव्या रोपाचं उत्पन्न उणे १.४ किलो येत होतं आणि चाळीस वर्षांच्या झाडाचं जवळजवळ शून्य. व्यस्तालाही साडेतीन वर्षांखाली उणे आकडे येतात, म्हणून त्याच्या खालच्या वयाला हे समीकरण लावू नका.

पस्तीस वर्षांच्या झाडाला हे समीकरण १०.१ किलो देतं. वर्गपद ४.९ देत होतं. दोन्ही समीकरणं चाचणीत पास, दोघांचा आर-वर्ग सारखा, आणि उत्तरात दुपटीचा फरक. हा वाद आकडेवारी मिटवू शकत नाही, कारण त्या वयाची झाडं तिच्यात नाहीत. पस्तीस वर्षांच्या बागेबद्दल बोलायचं असेल तर पस्तीस वर्षांची झाडं मोजून आणा. दुसरा मार्ग नाही. चार ते सव्वीस वर्षांपुरतंच बोलायचं असेल तर मी व्यस्त घेईन: पद एक कमी लागतं आणि झाडाच्या वाढीशी ते जास्त जुळतं.

उत्पन्नाचाच लॉग घ्यायचा का?

वरची सगळी चर्चा उजवीकडच्या चलाची होती. डावीकडचं, म्हणजे ज्याचा अंदाज करायचा ते चल बदलणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती जपून करावी.

ते केव्हा रास्त ठरतं, हे जेफ्री वूल्ड्रिज यांच्या पाठ्यपुस्तकातल्या घरांच्या किमतींवरून चांगलं दिसतं. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातली ८८ घरं. किंमत अवलंबून जागेच्या क्षेत्रफळावर, बांधकामाच्या क्षेत्रफळावर आणि झोपायच्या खोल्यांवर. किंमत जशीच्या तशी घेतली तर वर्ग आणि घनाच्या रीसेटचा एफ ४.६७, पी-मूल्य ०.०१२. किमतीचा आणि दोन्ही क्षेत्रफळांचा लॉग घेतला तर एफ २.५६, पी-मूल्य ०.०८४. पाच टक्क्यांच्या कसोटीवर पहिलं समीकरण नापास, दुसरं पास. किमती, मजुरी, जमिनीचा गुंठ्याचा दर अशा गोष्टींत हे वरचेवर घडतं, कारण तिथे फरक टक्क्यांत चालतो. हमरस्त्यालगतच्या महागड्या जागेत आणि आतल्या वाडीतल्या स्वस्त जागेत रस्ता जवळ आल्याने रुपयांची वाढ सारखी होत नाही. टक्क्यांची वाढ कदाचित सारखी होईल.

पण तीन खड्डे आहेत. पहिला म्हणजे आर-वर्गाची तुलना. किलोचा आर-वर्ग आणि लॉग-किलोचा आर-वर्ग हे दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. कोणता मोठा यावरून निवड करू नका. दुसरा म्हणजे शून्य. न धरलेल्या कलमाचं उत्पन्न शून्य असेल तर लॉग निघत नाही. मग विद्यार्थी सर्रास एक मिळवून लॉग घेतात. किलोत एक मिळवणं आणि ग्रॅममध्ये एक मिळवणं यांतून वेगळी उत्तरं येतात, म्हणजे तुमचा निष्कर्ष वजनकाट्याच्या एककावर अवलंबून राहतो. शून्यं थोडी असतील तर न धरलेली झाडं बाजूला ठेवून तसं स्पष्ट लिहा. पुष्कळ असतील तर हा मार्गच सोडा. तिसरा म्हणजे परतीची वाट. लॉगमधला अंदाज घातांकाने परत किलोत आणला की सरासरी नेहमी कमी दिसते. नाइहुआ दुआन यांनी १९८३ मध्ये सुचवलेली दुरुस्ती सोपी आहे: सर्व तफावतींचे घातांक काढा, त्यांची सरासरी घ्या आणि त्या आकड्याने अंदाजाला गुणा.

रीसेट नापास, पण दोष आकाराचा नाही

ही अडचण आपल्याकडच्या काजूच्या प्रकल्पांत मी सगळ्यांत जास्त पाहतो, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

एखाद्या गावातली बाग धरा. नवी झाडं वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जातींची कलमं. जुनी झाडं मात्र बरीचशी बियांपासून वाढलेली, गावठी. तुम्ही वय आणि उत्पन्न मांडलं की आलेख सुंदर वर जातो आणि मग खाली येतो. रीसेट नापास होते, तुम्ही वर्गपद घालता, ते खणखणीत येतं, शिखर पंचविशीला दिसतं, आणि तुम्ही लिहिता की पंचवीस वर्षांनंतर काजूचं उत्पन्न घटतं.

घटलेलं काहीच नसेल. जुनी झाडं कमी देतात ती जुनी आहेत म्हणून नव्हे, गावठी आहेत म्हणून. वय आणि प्रकार एकमेकांत गुंतले आहेत आणि वर्गपदाने प्रकाराचा फरक वयाच्या नावावर खपवला. रीसेट आधी नापास होऊन आणि मग पास होऊन या चुकीला दोनदा पावती देते.

ओळखायचं असं. आलेखात कलमांना एक रंग द्या, गावठी झाडांना दुसरा. प्रत्येक रंगात वेगवेगळा वाक दिसतो का पाहा. दिसत नसेल आणि नुसत्या दोन पातळ्या दिसत असतील, तर समीकरणात प्रकाराचं ‘होय-नाही’ चल घाला आणि रीसेट पुन्हा चालवा. चढण वेगवेगळी दिसत असेल तर प्रकार आणि वय यांचा गुणाकारही घाला. मगच वर्ग की लॉग, याचा विचार करा. एखाद्या वयोगटात एकाच प्रकारची झाडं असतील तर हा गुंता कुठल्याही समीकरणाने सुटणार नाही. त्या गटातली दुसऱ्या प्रकारची झाडं शोधून मोजावी लागतील.

चलं अनेक असली तरी पद्धत हीच. रीसेट नापास झाली की तफावती एकेका चलासमोर मांडा: वय, खत, मजुरी, बागेचं क्षेत्र. ज्याच्यासमोर वाक दिसेल त्याचं रूप बदला. सगळ्यांचेच वर्ग एकदम घालू नका. चाळीस नोंदींत आठ जादा पदं घातली की काहीतरी ‘लक्षणीय’ निघतंच.

आणखी एक शक्यता तपासायची राहते. झाड मोठं झालं की उत्पन्नातला चढउतारही वाढतो. लहान कलमं सगळी दीड-दोन किलोच्या आत, मोठी झाडं कुणी सहा तर कुणी चौदा. रीसेटचा नेहमीचा एफ हा चढउतार सगळीकडे सारखा आहे असं धरून चालतो. तसं नसेल तर तो विनाकारण मोठा येऊ शकतो. अशा वेळी अंदाजाचा वर्ग स्वतः काढा, समीकरणात घाला आणि एफऐवजी रोबस्ट प्रमाणदोषांवरची चाचणी वापरा:

```r
library(sandwich)
y2 <- fitted(m1)^2
m1b <- lm(bee ~ vay + y2)
waldtest(m1, m1b, vcov = vcovHC)
```

नोंदी बारा-पंधराच असतील तर हेही आकडे डळमळीत असतात. तिथे आलेखावर जास्त विसंबा.

परीक्षकांपुढे काय लिहायचं, काय बोलायचं

चार समीकरणं करून पाहिली आणि पास झालेलं एकच छापलं, असं करू नका. चौथ्या प्रयत्नात आलेल्या पी-मूल्याला पहिल्या प्रयत्नातल्या पी-मूल्याइतकं वजन नसतं, आणि वाचणाऱ्याला तुम्ही किती वाटा चालून पाहिल्या हे कळायला हवं. एक छोटा तक्ता पुरेसा आहे:

| समीकरण | आर-वर्ग | पुढची चाचणी: एफ | पी-मूल्य |
|---|---|---|---|
| वय | ०.७३ | २०.५५ | ०.००१ |
| वय आणि वर्ग | ०.९२ | २.२१ (घनपद घालून) | ०.१८ |
| लॉग वय | ०.८८ | ६.०२ | ०.०४ |
| एक भागिले वय | ०.९२ | ०.७४ | ०.४१ |

‘वर्गपद का नाही घेतलं?’ असं परीक्षकांनी विचारलं तर ‘आर-वर्ग कमी होता’ हे उत्तर देऊ नका. शिखर एकविसाव्या वर्षी येतं, त्यापलीकडे तीनच झाडं आहेत आणि त्यांत उतार दिसत नाही, हे सांगा. ‘रीसेट पास म्हणजे समीकरण बरोबर ना?’ असं विचारलं तर नाही म्हणायला कचरू नका. बारा नोंदींत पास होण्याचा अर्थ उरलेला वाक सापडला नाही एवढाच. शंभर नोंदींत कदाचित सापडेल. उलट हजारो नोंदींच्या सरकारी सर्वेक्षणात रीसेट जवळजवळ नेहमी नापास होईल, कारण तिथे नखाएवढा वाकही पकडला जातो. तिथे पी-मूल्य बाजूला ठेवून दोन समीकरणांचे अंदाज शेजारी मांडा आणि फरक किलोत किती पडतो ते पाहा.

मार्गदर्शक ‘रीसेट पास करून आणा’ म्हणाले, तर पास झालेल्या समीकरणाबरोबर वरचा तक्ताही जोडण्याची परवानगी मागा. निष्कर्षाचं वाक्य असं लिहिता येईल: ‘चार ते सव्वीस वर्षं वयाच्या बारा कलमांत उत्पन्न आधी वेगाने वाढून नंतर स्थिरावताना दिसलं, सरळ रेषेचं समीकरण रीसेट चाचणीत (अंदाजाचा वर्ग, एफ २०.५५) टिकलं नाही; एक भागिले वय हे रूप निवडलं; सव्वीस वर्षांपुढच्या झाडांना हे समीकरण लागू करू नये.’